दहा दिवसांचा गणपती आणि दहा दिवसांची माशी



काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गणपती मंडळाचा महाप्रसाद अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी झाला. वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि गव्हल्यांची खीर. स्वयंपाक उत्तम, माणसे हौशी. पण पंगतीत बसल्यावर एक हात जेवायला आणि दुसरा माश्या हाकलायला, अशी स्थिती होती. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी त्याच मांडवात माश्या फारशा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पाच-सहा घरांतून पोट बिघडल्याचे फोन आले, त्यात लहान मुले जास्त. दोष पाण्याचा होता, हातांचा होता की माश्यांचा, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण "पहिल्या दिवशी नव्हत्या त्या दहाव्या दिवशी कुठून आल्या?" हा प्रश्न आमच्या मनात राहिला. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला जमा-खर्च जुळला नाही की झोप येत नाही. तेव्हा या खात्याचा हिशेब आम्ही लावून पाहिला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

माशीची तारीखवार नोंद

आपण घरात पाहतो ती करडी माशी अंडी घालायला जागा शोधते ती ओली, कुजणारी आणि थोडी गरम अशी. शेण, उकिरडा, भाजीचा कचरा, उष्टे खरकटे आणि कुजलेली फुले या तिच्या आवडीच्या जागा. एका वेळी ती शंभर ते दीडशे अंडी घालते आणि दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात असे काही वेळा करते. उबदार, दमट हवेत अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. त्यातून निघालेल्या पांढऱ्या अळ्या चार-पाच दिवस ओल्या कचऱ्यात खात राहतात. पूर्ण वाढ झाली की त्या ओल सोडून कडेच्या कोरड्या मातीकडे सरपटत जातात आणि तिथे तपकिरी कोष करतात. कोष दिसायला गव्हाच्या दाण्यासारखा असतो. आणखी तीन ते पाच दिवसांनी त्यातून माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत, उन्हाळ्यात किंवा कुजण्याने आतून गरम झालेल्या ढिगात, आठ ते दहा दिवस. थंडीत हाच प्रवास कित्येक आठवडे लांबतो.

आता भाद्रपद आठवा. पाऊस, दमट हवा, आणि चतुर्थीपासून रोज हार, दूर्वा, केवडा, झेंडू. पूजेनंतरचे निर्माल्य "विसर्जनाच्या दिवशी एकदम नेऊ" म्हणून मांडवामागे एका टोपलीत किंवा पोत्यात साठत जाते. त्यातच प्रसादाच्या केळ्यांच्या साली आणि नारळाच्या शेंड्या पडतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्यात अंडी पडली, तर नवव्या-दहाव्या दिवशी नवी माशी तयार. म्हणजे महाप्रसादाच्या दिवशी आलेले हे पाहुणे बाहेरचे नव्हतेच, आपणच दहा दिवस त्यांना पोसले होते! आमचा जमा-खर्च इथे जुळला.

जामबागेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे पटायला वेळ लागू नये. पूर्वी इथे मोठा फूलबाजार भरत असे. तो गुडीमलकापूरला गेला तरी हारवाल्यांची दुकाने राहिली. चार पावलांवर मोअज्जम जाही मार्केट, कोटीकडे जाताना फळांच्या गाड्या. फुले, फळे आणि माणसांची वर्दळ जिथे एकत्र, तिथे माशीला काही कमी नाही. ती एखाद-दोन किलोमीटर सहज उडून जाते, त्यामुळे शेजारचा उकिरडाही आपल्याच खात्यात धरावा लागतो.

ती रोग आणते म्हणजे नेमके काय करते?

आपल्या हैदराबादकरांना डासाची गोष्ट माहीत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. बेगमपेटची ती इमारत आजही दाखवतात. डासाच्या अंगात त्या जंतूची ठराविक वाढ व्हावी लागते, तेव्हाच डास रोग देऊ शकतो. माशीचे तसे नाही. ती चावत नाही, तिच्या अंगात काही विशेष घडावे लागत नाही. ती फक्त हमाल आहे. घाणीवर बसली, माल उचलला, उडून ताटात आली आणि माल उतरवला. एवढ्या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

माल उतरवण्याचे तिचे तीन मार्ग आहेत. पहिला पायांचा. तिच्या पायांना बारीक केस आणि चिकट गाद्या असतात, त्यामुळे ती काचेवर उलटी चालू शकते. त्याच गाद्यांना घाणही चिकटते. दुसरा मार्ग तोंडाचा, आणि हा जास्त वाईट. माशीला दात नाहीत, ती घट्ट पदार्थ खाऊ शकत नाही. साखरेच्या खड्यावर बसली की ती आधी पोटातला द्रव ओकते, त्यात साखर विरघळवते आणि मग सोंडेने शोषून घेते. थोडक्यात, आपल्या ताटातल्या जिलबीवर ती मागच्या जेवणाचा उरलेला अंश सोडते. तिसरा मार्ग विष्ठेचा. ती खाताखाता, बसल्याजागी, दिवसभर हेच करत असते. भिंतीवर, दिव्याच्या वायरवर, ट्यूबलाइटच्या दोरीवर दिसणारे काळे-पिवळट ठिपके म्हणजे हाच प्रकार. पायांवरचे जंतू काही तासांत वाळून मरतात, पण पोटातले जास्त काळ टिकतात. म्हणून "माशी क्षणभरच बसली" यात फारसे समाधान नाही.

या मार्गाने येणारे मुख्य आजार पोटाचे: जुलाब, रक्ती आव, विषमज्वर, कॉलरा. यात रक्ती आवेकडे विशेष लक्ष द्यावे. कॉलऱ्याला सहसा फार मोठ्या संख्येने जंतू पोटात जावे लागतात. रक्ती आव देणाऱ्या शिगेला या जंतूचे दहा ते शंभर नगही आजार द्यायला पुरतात. एवढे तर माशीच्या पायाला सहज लागतात.

आता प्रश्न येतो की माशी खरोखरच आजार आणते की फक्त घाण असल्याची खूण आहे? जिथे घाण तिथे माशीही आणि आजारही, मग दोष कोणाचा? याची चाचणी प्रत्यक्ष झालेली आहे. इस्रायलमध्ये १९८८ आणि १९८९ साली सैन्याच्या छावण्यांत माश्या पकडण्याचे सापळे लावले. बाकी व्यवस्था तीच ठेवली. माश्या सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्या आणि शिगेलाच्या आवेचे रुग्ण ८५ टक्क्यांनी. पाकिस्तानातल्या खेड्यांत माश्यांच्या हंगामात फवारणी केली, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. दोन आकड्यांतला फरक समजून घ्यावा. आवेच्या बाबतीत माशीचा हिस्सा मोठा दिसतो. पण मुलांच्या एकूण जुलाबांत पाणी आणि न धुतलेले हात यांचा वाटा मोठा राहतोच. माशी आवरली म्हणजे सगळे झाले, असे नाही.

दहा जंतूंचे चक्रवाढ व्याज

माशीने उतरवलेल्या मालाचे पुढे काय होते, हे पदार्थावर अवलंबून असते. कोरडा चिवडा, शंकरपाळे, साखर यांत जंतू वाढत नाहीत, कारण पाणी नाही. लोणच्यात मीठ-तेल आहे. पण खीर, बासुंदी, चटणी, वरण-भात, उकडलेला बटाटा, चिरलेले फळ यांत सगळी सोय असते.

समजा खिरीच्या पातेल्यात सकाळी दहा वाजता दहा जंतू पडले. खोलीच्या तापमानात अर्ध्या तासाला दुप्पट असा दर धरू. काही जंतू याहूनही वेगाने वाढतात. साडेदहाला वीस, अकराला चाळीस, बाराला एकशे साठ, एकला सहाशे चाळीस आणि पंगत दोनला बसली तर दोन हजार पाचशे साठ. मुद्दल दहाचे, चार तासांत २५६ पट. असे व्याज आमच्या बँकेने कधी कोणाला दिले नाही! तीच खीर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफ येत राहील इतकी गरम ठेवली, किंवा शीतकपाटात ५ अंशांच्या खाली, तर हे व्याज जवळजवळ थांबते. म्हणून झाकणे आणि तापमान राखणे ही कामे जोडीनेच करावी लागतात. झाकण नवे जंतू येऊ देत नाही, तापमान आलेल्यांना वाढू देत नाही.

झाकावे कशाने?

आपल्या आजीच्या काळी हैदराबादेत ताटावर सरपोश असे. पितळेचा किंवा वेताचा, घुमटासारखा. दूध-दही जाळीच्या कपाटात राही. शिंके होते, पण त्याचा उपयोग मांजर आणि मुंग्यांपुरता. माशीला शिंके काय आणि ओटा काय, सारखेच.

सरपोशात जी अक्कल होती ती आजही लागू आहे: झाकण पदार्थाला टेकता कामा नये. हा आमच्या घरात उशिरा कळलेला मुद्दा. आम्ही कढईवर पंचा टाकत असू. भाजीच्या वाफेने तो ओला होई, भाजीला चिकटे आणि माश्या वरून पंच्यावर बसत. ओल्या कापडातून रस वर येतो आणि माशीने ओकलेला द्रव खाली झिरपतो. असे झाकणे म्हणजे न झाकण्याच्या बरोबरीचे. कापडच वापरायचे असेल तर ते कोरडे, धुतलेले आणि भांड्याच्या काठावर ताणून बांधलेले असावे, पदार्थापासून किमान चार बोटे वर.

जाळीचे घुमट बाजारात मिळतात, छत्रीसारखे मिटणारे. ताटे वाढून ठेवण्यापुरते ते चांगले. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. जाळीचे छिद्र दीड मिलिमीटरहून मोठे नसावे. मच्छरदाणीची जाळी साधारण तेवढीच असते, त्यातून घरमाशी जात नाही. केळ्या-आंब्यांभोवती घोंगावणारी बारीक चिलटे मात्र त्यातून जाऊ शकतात, त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचाच डबा हवा. दुसरे म्हणजे घुमटाची कड टेबलावर सपाट बसली पाहिजे. एका बाजूने बोटभर उघडी राहिली तर माशी आत शिरते, बाहेर पडायला तिला वाट सापडत नाही आणि ती तासभर आपल्याच ताटावर फिरते. मग झाकण नसते तर बरे झाले असते अशी वेळ येते.

गरम पदार्थाला लगेच घट्ट झाकण घातले की वाफेचे पाणी आत गळते. पोळ्या चिकट होतात, पुरणपोळी लवकर विटते. म्हणून वाफ जाईपर्यंत जाळी आणि निवल्यावर झाकण, असा क्रम ठेवावा. वर्तमानपत्राने झाकू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असे सांगितले आहे.

स्टॉलवरचे अवघड गणित

घरात झाकण एकदा ठेवले की राहते. स्टॉलवर ते मिनिटाला दोनदा उघडते, आणि खरी गडबड इथेच होते. काचेची पेटी ग्राहकाच्या बाजूने चकचकीत बंद असते, पण विकणाऱ्याची बाजू दिवसभर उघडी. माशी ग्राहकाच्या बाजूनेच येईल, असे तिने कुठे लिहून दिले आहे? म्हणून त्या बाजूला सरकते दार किंवा वरून सोडलेला पारदर्शक पट्ट्यांचा पडदा हवा. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असाव्यात.

पुढच्या वर्षी त्याच मंडळाच्या आनंदमेळ्यात आमच्या घरच्यांनी साबुदाणावडा आणि फळांच्या चाटीचा स्टॉल घेतला. तेव्हा काय केले ते सांगतो.

निर्माल्याची टोपली मांडवामागून हलवली आणि झाकणाच्या ड्रममध्ये केली. तो ड्रम दर तिसऱ्या दिवशी रिकामा करायचा ठरले. तिसराच दिवस का? अळी कोष करायला पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेर पडते, त्याच्या आत ढीग हलला की साखळी तुटते. पहिल्या खेपेला आमच्या एका मित्राने जुनी टोपली उचलली तर खालच्या कोरड्या मातीत ते गव्हासारखे तपकिरी दाणे ओंजळभर निघाले. ते पाहिल्यावर कोणाला वेगळे समजावावे लागले नाही.

स्टॉलवर वड्यांना अडचण नव्हती, ते कढईतून थेट ग्राहकाच्या हातात जात. कळीचे पदार्थ दोन: दाण्याची चटणी आणि चिरलेली फळे. चटणी मोठ्या पातेल्यात उघडी ठेवण्याऐवजी झाकणाच्या पाच लहान डब्यांत भरली. एका वेळी एकच डबा बाहेर, बाकीचे बर्फाच्या पेटीत. डबा संपला की तो भरायचा नाही, नवा काढायचा. जुन्या चटणीत नवी ओतली की जुने व्याज नव्या मुद्दलाला लागते. फळे आधी चिरून ढीग लावला नाही, ग्राहक आला की चिरली. चिरताना गळणारा रस पुसायला एक ओले फडके आणि साली टाकायला झाकणाचा डबा पायाशी. स्टॉलच्या मागून एक टेबलपंखा पदार्थांच्या बाजूला वारा देत ठेवला. माशी वाऱ्यात नीट उतरू शकत नाही. मात्र पंखा शेगडीकडे वळवू नये, आणि रस्त्याची धूळ समोरून येत असेल तर त्याचा उपयोग नाही.

माश्या कमी झाल्या की नाही, हे नजरेच्या अंदाजाने ठरवू नये. आम्ही एक साधी रीत वापरली. पाटीएवढा पुठ्ठा स्टॉलजवळ ठेवायचा, घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात त्यावर किती माश्या बसतात ते मोजायचे. असे वेगवेगळ्या जागी पाच वेळा. सुरुवातीला टोपलीजवळ बारा-पंधरा येत. टोपली हलवल्यावर आठवड्याने दोन-तीनवर आल्या. लगेच फरक पडला नाही, कारण आधीच्या माश्या मरायला वेळ घेतात. आठवडाभर थांबूनही आकडा उतरला नाही, तर समजावे की उत्पत्तीची जागा दुसरीच आहे. गटाराची जाळी, शेजारच्या कुंडीतले खत, सोसायटीचा कचऱ्याचा कोपरा, असे शोधत जावे.

जे उपाय पुरत नाहीत

पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दुकानांपुढे टांगलेल्या आपण पाहतो. माश्या त्याला भितात असे म्हणतात, पण तपासून पाहिल्यावर त्याचा गुण आढळलेला नाही. लिंबात लवंगा खोचणे, कापूर जाळणे याने थोडा वेळ थोड्या माश्या दूर जातात, तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. विजेच्या जाळीचे यंत्र माश्या मारते, पण माशी फुटून तिचे बारीक तुकडे आजूबाजूला उडतात. ते अन्नाच्या वर किंवा जवळ कधीही टांगू नये, कोपऱ्यात, दाराकडे लावावे. औषधाची फवारणी मांडलेल्या अन्नाजवळ तर मुळीच नको.

आणि शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न: माशी बसलेले अन्न टाकायचे का? कोरड्या पोळीवर क्षणभर बसली तर तेवढा भाग काढून बाकीची लगेच खावी. वरण, खीर, भाजीवर बसली आणि ते नुकतेच शिजलेले असेल तर पुन्हा खळखळून उकळावे. पण तासन्‌तास उघडे राहिलेले अन्न उकळूनही भरवशाचे होत नाही, कारण काही जंतूंनी तयार केलेले विष उकळण्याने जात नाही. चिरलेले फळ, कोशिंबीर, चटणी यांना उकळण्याची सोयच नाही, ते सोडून द्यावे. जुलाबात रक्त दिसले किंवा लहान मूल मलूल पडले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नये, डॉक्टरकडे न्यावे.

यंदा चतुर्थीच्या तयारीत मखर, रोषणाई, आरतीची यादी होईलच. त्या यादीत एक ओळ आपण सगळ्यांनी घालावी: झाकणाचा ड्रम, आणि तिसऱ्या, सहाव्या व नवव्या दिवशी तो रिकामा करणाऱ्याचे नाव. नाव लिहिलेले नसले की हे काम सर्वांचे होते, आणि सर्वांचे काम कोणीच करत नाही, हा आमचा बँकेतला अनुभव इथेही खरा ठरतो.